फोटो गेला तर औषधांची यादी आठवणीतून नको, पाकिटांवरून करा

प्रश्न: आईच्या प्रिस्क्रिप्शनचा मोबाइलमधला फोटो डिलीट झालाय आणि मूळ कागद पण सापडत नाहीये. डॉक्टरांच्या हातचं अक्षर होतं, पण मी तो फोटो इतक्यांदा बघितलाय की बरंचसं आठवतंय. औषधांची नावं, डोस, वेळा टाइप करून केमिस्टला दाखवून कन्फर्म करून घेतलं तर चालेल का? आणि कसं लिहू?

उत्तर:

चालेल, पण दोन गोष्टी आधीच सांगतो. एक म्हणजे ही यादी आठवणीतून टाइप करू नका, घरात जी पाकिटं, बाटल्या, बिलं आहेत त्यावरून करा, आणि आठवण फक्त शेवटी ताडून बघायला वापरा. दुसरं म्हणजे केमिस्ट सगळं कन्फर्म करू शकत नाही. मी स्वतः रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे, बरीच वर्षं काउंटरवर उभा आहे, त्यामुळे स्पष्ट सांगतो की औषधाचं नाव काय, ताकद किती, आमच्या दुकानातून किती गोळ्या कधी गेल्या हे आम्ही खात्रीने सांगू शकतो. सकाळी घ्यायची की रात्री, एक की अर्धी, किती दिवस, हे सांगायला आमच्याकडे पण बहुतेक वेळा तो कागदच असतो जो तुमच्याकडून हरवलाय. म्हणजे अर्धी यादी आमच्याकडे पक्की होते आणि अर्धी डॉक्टरांकडे, हे डोक्यात ठेवूनच टाइप करायला बसा.

टाइप करण्याआधी फोटो परत मिळतोय का ते बघून घ्या, बऱ्याचदा मिळतो. गुगल फोटोजमध्ये बॅकअप असेल तर ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, आयफोनच्या रिसेंटली डिलीटेडमध्ये साधारण ३० दिवस. तुम्ही तो फोटो कधी केमिस्टला, भावाला, बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवला होता का ते विचारा, त्यांच्याकडे असेल. ऑनलाइन औषधं मागवली असतील तर त्या ॲपमध्ये अपलोड केलेलं प्रिस्क्रिप्शन सापडतं. मिळाला तर मग पुढचं सगळं फक्त नीट वाचण्यापुरतं.

नाही मिळाला असं धरून पुढे लिहितो.

आठवणीवर विश्वास का नको, ते एका केसवरून सांगतो, कारण यात जवळजवळ सगळ्या नेहमीच्या चुका एकत्र आल्या होत्या. एक गृहस्थ आईच्या औषधांची यादी मोबाइलवर टाइप करून घेऊन आले. आईचं वय सत्तरीच्या आसपास, शुगर, बीपी, थायरॉइड, आणि काही महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसवलेला. यादी दिसायला एकदम व्यवस्थित होती. इकोस्प्रिन ७५ रात्री एक. ग्लायकोमेट १-०-१. टेल्मा ४० सकाळी एक. टेल्मीकाइंड ४० सकाळी एक. डायटर १० पुढे 1/2. थायरॉक्सिन ५० एमजी उपाशीपोटी. मी त्यांना म्हटलं की यादी राहू दे, घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून घेऊन या, ज्या चालू नाहीत असं वाटतंय त्या पण. ते तासाभरात घेऊन आले, आणि मी आमच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या मोबाइल नंबरावरून या महिन्याचं बिल काढलं.

पहिली ओळ, इकोस्प्रिन. बिलात होतं इकोस्प्रिन गोल्ड २०, आणि पिशवीत पट्टी पण तीच, कॅप्सूलची. साधी इकोस्प्रिन ७५ म्हणजे फक्त ॲस्पिरिन. इकोस्प्रिन एव्ही म्हणजे ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची ॲटॉर्वास्टॅटिन. आणि गोल्ड म्हणजे या दोन्हीसोबत क्लोपिडोग्रेल, जे स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून असतं. फोटो आठवताना मुलाच्या डोक्यात पहिला ओळखीचा शब्द राहिला होता, मागचा छोटा शब्द गळाला. ही यादी धरून कोणी साधी इकोस्प्रिन आणली असती तर नव्या स्टेंटच्या पेशंटचं क्लोपिडोग्रेल कोणाच्या लक्षातही न येता बंद झालं असतं, आणि ते कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय एक दिवस पण बंद करायचं नसतं. आपल्याकडच्या ब्रँड नावांत सगळा जीव मागच्या शेपटात असतो. टेल्मा आणि टेल्मा एच आणि टेल्मा एएम ही तीन वेगळी औषधं आहेत, एचमध्ये लघवी वाढवणारं औषध जोडलेलं आहे, एएममध्ये ॲम्लोडिपिन. पॅन ४० आणि पॅन डी पण एक नाही. त्यामुळे नाव टाइप करताना पट्टी समोर धरून अक्षर न् अक्षर उतरवायचं, शेपटासकट, आणि त्याच्या खाली किंवा मागे बारीक अक्षरात एका गोळीत काय काय किती आहे ते लिहिलेलं असतं ते पण उतरवायचं. ब्रँड एका ओळीत, आतलं औषध त्याच्या शेजारी.

दुसरी ओळ ग्लायकोमेट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुलाला आठवत होतं की कागदावर ग्लायकोमेट होतं आणि सकाळ-रात्र होतं, आणि त्याची आठवण खोटी नव्हती. पण बिलात दोन वेगळ्या ओळी होत्या, ग्लायकोमेट जीपी १ च्या ३० गोळ्या आणि साध्या ग्लायकोमेट ५०० च्या ३० गोळ्या. जीपीमध्ये मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड असतं, जे स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं आणि शुगर खाली आणतं. साध्यामध्ये फक्त मेटफॉर्मिन. आणि जीपी १ मधला १ म्हणजे ग्लिमेपिराइड १ एमजी, एक गोळी असा त्याचा अर्थ नाही, आणि जीपी २ म्हणजे दोन गोळ्या नाहीत. हे मी मुद्दाम सांगतोय कारण टाइप करताना 'ग्लायकोमेट २' असं लिहिलं की घरातलं दुसरं माणूस दोन गोळ्या काढून देतं. तर या केसमध्ये डॉक्टरांनी सकाळी जीपी १ आणि रात्री साधी ५०० अशा दोन ओळी लिहिल्या असणार असा माझा अंदाज होता, आणि मुलाच्या डोक्यात त्या दोन ओळी मिळून एकच ग्लायकोमेट १-०-१ झालं. तसं घेतलं असतं तर रात्री जास्तीचं ग्लिमेपिराइड पोटात गेलं असतं, आणि सत्तरीच्या बाईची झोपेत शुगर उतरणं हे किती वाईट असतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. घाम, थरथर, बरळणं, आणि झोपेत असल्यामुळे कोणाला कळतच नाही.

आता अंदाज म्हणजे कन्फर्मेशन नाही, मग ते तपासायचं कसं, तर उरलेल्या गोळ्या मोजून. हे घरी तुम्ही पण करू शकता आणि नक्की करा. बिलाची तारीख १ होती, आईंनी त्याच दिवशी सकाळपासून नवीन पट्टी सुरू केलेली, मागच्या महिन्याची एकही शिल्लक नव्हती (हे विचारणं फार गरजेचं आहे, शिल्लक असेल तर सगळा हिशोब चुकतो). मोजली तो दिवस २१ तारीख, सकाळच्या गोळ्या घेऊन झालेल्या. म्हणजे सकाळचे डोस झाले २१ आणि रात्रीचे २०. जीपी १ उरल्या होत्या ९, म्हणजे ३० मधून २१ गेल्या, रोज सकाळी एक. साधी ५०० उरल्या १०, म्हणजे २० गेल्या, रोज रात्री एक. जीपी जर दोन वेळा चालू असती तर ३० गोळ्या पंधराव्या दिवशी रात्रीच संपल्या असत्या आणि त्या मधेच परत घ्यायला आल्या असत्या, तसं काही बिलात नव्हतं.

पण याची मर्यादा समजून घ्या. गोळ्या मोजून आई काय घेतायत ते कळतं, डॉक्टरांनी काय लिहिलंय ते कळत नाही. एखादी बाई महिनाभर चुकीचीच वेळ पाळत असेल तर मोजणी पण तीच चूक दाखवणार. म्हणून मोजणी आणि बिल जुळलं तरी यादीत वेळेपुढे 'डॉक्टरांना विचारायचं' असंच राहू द्यायचं, खोडायचं नाही.

तिसरी आणि चौथी ओळ, टेल्मा ४० आणि टेल्मीकाइंड ४०. मुलाला फोटोतलं टेल्मा आठवत होतं आणि आईंच्या डब्यात टेल्मीकाइंडची पट्टी होती, त्याने प्रामाणिकपणे दोन्ही लिहिली. दोन्हीत टेल्मिसार्टन ४० एमजीच आहे, कंपनी वेगळी. प्रिस्क्रिप्शनवर एक ब्रँड असतो आणि मिळतो दुसरा, कधी त्या कंपनीचा माल नसतो, कधी डॉक्टरांनी आतल्या औषधाचंच नाव लिहिलेलं असतं, कधी जनऔषधी केंद्रातून घेतलेली असते जिथे ओळखीचा ब्रँड नसतोच. त्यामुळे आठवणीतलं नाव आणि पट्टीवरचं नाव जुळलं नाही तर लगेच दोन औषधं समजू नका. आतलं नाव आणि ताकद जुळतेय का बघा. तेच जुळत असेल तर ते एकच औषध असण्याची शक्यता फार, दोन्ही ओळी ठेवल्या तर पुढचा माणूस बीपीची डबल गोळी देईल आणि आजी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडतील. अशा ठिकाणी यादीत एकच ओळ ठेवायची आणि शेजारी लिहायचं की आठवणीत टेल्मा होतं, पट्टी टेल्मीकाइंड आहे, विचारायचं. इथे बिलात मागचे दोन महिने एकच टेल्मिसार्टन गेलेलं दिसलं, त्यामुळे काउंटरवरच उलगडलं.

पाचवी ओळ डायटर १० पुढे 1/2. हे टाइप केलेलं 1/2 मला अजिबात आवडत नाही. लिहिणाऱ्याला अर्धी म्हणायचं असतं, वाचणारा एक किंवा दोन वाचतो. हाताने लिहिलेल्या कागदावर अर्ध्याचं चिन्ह एकत्र आणि छोटं असतं म्हणून कळतं, मोबाइलवर ते सुटं होतं. आणि ही लघवी वाढवणारी गोळी आहे, टॉर्सेमाइड, अर्धीच्या जागी दोन गेल्या तर अंगातलं पाणी आणि सोडियम-पोटॅशियम दोन्ही उतरतं. शब्दात लिहा, 'अर्धी गोळी'. मोजल्यावर पट्टीत साडेचार गोळ्या निघाल्या, ती अर्धी तुटलेली तशीच परत कागदात गुंडाळून ठेवलेली, १५ घेतल्या होत्या, २१ सकाळी अर्धी-अर्धी म्हणजे साडेदहा गेल्या. जुळलं. अर्धी गोळी लिहिताना एक बघायचं की ती गोळी तोडायची आहे का, नावापुढे एसआर, एक्सएल, ईआर असलं काही असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी असते, अशा गोळ्या फार्मासिस्टला विचारल्याशिवाय तोडायच्या नाहीत आणि तुमच्या आठवणीत अशा गोळीपुढे अर्धी येत असेल तर तिथे हमखास थांबायचं.

शेवटची ओळ थायरॉक्सिन ५० एमजी. थायरॉक्सिन एमजीमध्ये नसतंच, मायक्रोग्रॅममध्ये असतं, बाटलीवर तसं छापलेलं असतं. इथे नुकसान झालं नसतं कारण ५० एमजीची गोळी बाजारात नाही, पण अशी ओळ यादीत दिसली की मला कळतं की ही यादी बाटली बघून केलेली नाही आणि मग मी बाकीच्या ओळींकडे पण संशयानेच बघतो. एकक पूर्ण शब्दात लिहा, मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम, युनिट. इन्सुलिनच्या बाबतीत तर हे फारच, कारण १० च्या मागे नुसतं इंग्रजी यू लिहिलं तर घाईत ते शून्य वाटतं आणि १० चे १०० होतात. इन्सुलिन, ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध, फिटच्या गोळ्या, यांचा डोस आठवणीतून मुळीच टाइप करू नका, नाव लिहा आणि डोसची जागा रिकामी सोडून त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा. रिकामी जागा बघून पुढचा माणूस विचारतो, चुकीचा आकडा बघून विचारत नाही.

आकड्यांवरून अजून एक, हे खास आपल्या मराठी टायपिंगचं आहे. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ दिसायला फार जवळ आहेत. यादीत कुठे मराठी आकडे कुठे इंग्रजी असं मिसळलं की मराठी दहा हे नव्वद वाचलं जातं, विशेषतः स्क्रीनशॉट धूसर असेल तर. पट्टीवर इंग्रजी आकडे असतात, बिलात इंग्रजी असतात, म्हणून यादीत पण सगळे इंग्रजीच ठेवा. औषधाची नावं पण इंग्रजी मोठ्या अक्षरात, आणि कीबोर्डचं ऑटोकरेक्ट बंद करून, नाहीतर तो ओळखीचा शब्द घालतो आणि तुमच्या लक्षात येत नाही. कसं घ्यायचं ते मात्र मराठीत, पूर्ण वाक्यात, म्हणजे आईला पण वाचता येईल. पॉइंटपुढे उगाच शून्य लावू नका, १.० हे १० वाचलं जातं, आणि पॉइंटच्या आधी शून्य सोडू नका, ०.५ असंच लिहा.

एक ओळ टाइप झाल्यावर अशी दिसली पाहिजे:

```
GLYCOMET GP 1
METFORMIN 500 milligram + GLIMEPIRIDE 1 milligram
सकाळी 1 गोळी, नाश्त्याच्या आधी, रोज
नाव, ताकद: पट्टीवरून
वेळ: आई सांगते. डॉक्टरांना विचारायचं
```

ती शेवटच्या दोन ओळींची कटकट वाटेल पण माझ्यासाठी यादीतला सगळ्यात कामाचा भाग तोच असतो. काय पट्टीवरून आलं, काय बिलावरून, काय आईने सांगितलं, काय फोटोतलं आठवलं, हे वेगळं दिसलं तर मला पाच मिनिटांत कळतं कुठे बघायचं. नाहीतर सगळं सारख्याच सुबक अक्षरात असतं आणि खरं-खोटं सारखंच खात्रीचं वाटतं. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर बघून निदान माणूस थांबून विचारतो तरी. यादीच्या वर पेशंटचं नाव, वय, तारीख, कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती, आणि 'हे प्रिस्क्रिप्शन नाही, पट्ट्यांवरून केलेली यादी' असं ठळक लिहा.

वरच्या ओळीत 'रोज' हा शब्द आहे तो पण मुद्दाम. सगळी औषधं रोजची नसतात आणि आठवणीतून टाइप करताना सगळ्यात आधी हेच हरवतं. संधिवाताला किंवा सोरायसिसला दिलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असतं, ते चुकून रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी झपाट्याने कमी होतात आणि माणूस दगावू शकतो. सोबत फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी बऱ्याचदा दिलेली असते, ती वेगळ्या दिवशी असते, आणि दोन्ही छोट्या पिवळसर गोळ्या असल्यामुळे घरात गोंधळ होतो. व्हिटॅमिन डीचं ६० हजारवालं पण आठवड्यातून एकदा. काही जणांना थायरॉइडची गोळी शनिवार-रविवार वेगळ्या डोसने दिलेली असते. अशा ठिकाणी 'आठवड्यातून एकदा' एवढं पण पुरत नाही, वार लिहा, 'फक्त रविवारी'. आणि कोर्सची औषधं, अँटिबायोटिक, स्टिरॉइड जे कमी कमी करत बंद करायचं असतं, त्यापुढे कधी सुरू झालं ती तारीख लिहा, कारण फोटो गेला तसे त्या कोर्सचे दिवस पण गेलेले असतात आणि लोक जुनी पाच दिवसांची गोळी महिनाभर चालू ठेवतात.

डोळ्यांच्या ड्रॉप्सचं एक पटकन सांगतो. गोळीपुढे ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर ओडी म्हणजे उजवा डोळा असतो. फोटोतलं 'ओडी' आठवत असेल तर ते तसंच्या तसं लिहा, स्वतः अर्थ लावून टाइप करू नका. एसओएस, एचएस, बीडी, टीडीएस याला पण तेच, अर्थ माहीत असला तरी मूळ अक्षरं ठेवा आणि फार्मासिस्टला वाचू द्या.

आता दुकानात जायचं ते कसं. शक्यतो त्याच दुकानात जा जिथून नेहमी घेता, कारण बिलाचा इतिहास तिथेच आहे. दुपारी गर्दी नसते तेव्हा जा, संध्याकाळी सातला काउंटरवर दहा माणसं असताना कोणी नीट बघणार नाही. पुडी बांधणाऱ्या पोऱ्याला नको, 'फार्मासिस्ट आहेत का' असं विचारा. सगळ्या पट्ट्या, बाटल्या, डबा जसाच्या तसा न्या. पट्टी कापून दिलेली असेल आणि नावाचा भाग कापला गेला असेल तर गोळीच्या रंगावरून ओळखायला सांगू नका, आम्ही ओळखली तरी ती खात्री नाही, त्या ओळीला बिलच लागेल. आणि बिल सापडत नसेल तर अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल, सेफिक्सिम अशी काही औषधं कायद्यातल्या शेड्यूल एच-वन या यादीत येतात, त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद डॉक्टरांच्या आणि पेशंटच्या नावासकट दुकानाला ठेवावी लागते आणि ३ वर्षं जपावी लागते, तिथे सापडू शकतं.

आणि यादी पुढे करून 'बरोबर आहे ना?' असं विचारू नका. असं विचारलं की घाईतला माणूस वरवर बघून हो म्हणतो. त्यापेक्षा यादी स्वतःच्या हातात ठेवा आणि त्यांना बिलावरून, पट्टीवरून वाचायला सांगा, तुम्ही तुमच्या ओळीवर बोट ठेवून जुळवत जा. जिथे अडकेल तिथे खूण करा. सगळं वाचून झाल्यावर मोकळे प्रश्न विचारा. यातली शुगरची औषधं किती आणि कुठली? एकच औषध दोन नावांनी आलंय का? बिलात आहे पण माझ्या यादीत नाही असं काही आहे का? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारतच नाही, आणि गळालेलं औषध फक्त त्यातूनच सापडतं. यादीतली चूक निदान डोळ्यासमोर असते, जे लिहिलंच नाही ते कुठे दिसणार. वरच्या केसमध्ये पोटाच्या गोळीची अख्खी ओळच राहिली होती, ती याच प्रश्नात निघाली.

केमिस्ट या यादीवर औषध देईल का, तर नाही, आणि त्याच्यावर रागावू नका. कायद्याने प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांची सही, तारीख, पेशंटचं नाव, औषधाचं प्रमाण आणि डोस लागतो, तुमची टाइप केलेली यादी कितीही अचूक असली तरी ती प्रिस्क्रिप्शन होत नाही. म्हणून गोळ्या संपायची वाट बघू नका, चार-पाच दिवसांचा साठा असतानाच हे सगळं करा.

तिथून पुढे दवाखाना. फार्मासिस्टकडून तपासून आलेली यादी डॉक्टरांना किंवा त्यांच्या असिस्टंटला पाठवा आणि फक्त खुणा केलेल्या ओळींबद्दल विचारा, वेळा, अर्धी-पूर्ण, किती दिवस. त्यांच्याकडे केसपेपरवर नोंद असते, फोनवर वाचून दाखवतात, तेव्हा तुम्ही ऐकलेलं परत वाचून दाखवा आणि त्यांचा हो घ्या. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होता तर रेकॉर्डची प्रत मागता येते, नियमाप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असते, डिस्चार्ज कार्ड त्यातच मिळेल. आणि नवीन प्रिस्क्रिप्शनसाठी प्रत्येक वेळी प्रवास करायलाच पाहिजे असं नाही, २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार डॉक्टर सही केलेल्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो किंवा स्कॅन व्हॉट्सॲपवर, मेलवर पाठवू शकतात. द्यायचं की प्रत्यक्ष बोलवायचं हे ते ठरवतील, झोपेच्या किंवा सवय लागणाऱ्या गोळ्यांसाठी बहुतेक बोलावतीलच. त्या केसमध्ये डॉक्टरांनी फोनवर जीपी सकाळी आणि साधी ५०० रात्री हेच सांगितलं, पण पोटाची गोळी मात्र फक्त महिनाभरासाठीच होती असं निघालं, ती आई अजून घेत होत्या, आणि गोळ्या मोजून ते कधीच कळलं नसतं. ती चालू ठेवायची की नाही हे त्यांनी पुढच्या तपासणीत बघतो म्हणून सांगितलं, आणि सही केलेलं नवीन प्रिस्क्रिप्शन पाठवलं.

मधल्या एक-दोन दिवसांत काय घ्यायचं, तर जे औषध पट्टीवर स्पष्ट आहे, आई रोज घेतायत आणि मोजणी पण जुळतेय ते तसंच चालू ठेवा, स्वतःहून बंद पण नको आणि वाढवणं पण नको. जिथे दोन उत्तरं येतायत, म्हणजे एक की दोन, रोज की आठवड्यातून, तिथे पुढचा डोस द्यायच्या आधी फोन करा, डॉक्टर लागले नाहीत तर त्याच दवाखान्याच्या किंवा हॉस्पिटलच्या ड्यूटी डॉक्टरांना विचारा.

सगळं पक्कं झालं की यादीत खाली तारीख टाका आणि कोणाकडून काय कन्फर्म झालं ते लिहा. मग एक काम आठवणीने करा, आधी बनवलेल्या कच्च्या याद्या फॅमिली ग्रुपवरून, नोट्समधून, फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावरून काढून टाका, आणि ज्याला ज्याला कच्ची पाठवली होती त्याला नवीन पाठवून जुनी डिलीट करायला सांगा. महिन्याभराने घाईत तुमचा भाऊ ग्रुपमध्ये वर स्क्रोल करून जी पहिली सापडेल तीच केमिस्टला दाखवणार आहे.